उजव्या अंगठ्याचा भार हलका करताना : कंट्रोलरच्या बटणांची फेरमांडणी आणि पाठीवरची पॅडल

गेम खेळण्याचा कंट्रोलर दोन्ही हातांत धरला की दहा बोटांपैकी किती बोटांना खरोखर काम असते, याचा हिशेब फारसा कोणी मांडत नाही. डावा अंगठा पात्राला चालवतो. दोन्ही तर्जनींकडे वरच्या कडेची चार बटणे असतात. उजव्या अंगठ्याकडे मात्र एकाच वेळी दोन कामे सोपवलेली असतात: उजवी स्टिक फिरवून दृष्टी वळवायची आणि शेजारची चार बटणेही दाबायची. मधली बोटे, अनामिका आणि करंगळ्या अशी सहा बोटे केवळ कंट्रोलर सावरून धरतात. दीर्घकाळ खेळणाऱ्यांचा उजवा अंगठा मुळाशी दुखू लागतो, त्याच्या अनेक कारणांपैकी ही विषम वाटणी एक महत्त्वाचे कारण आहे. अंगठ्याला स्टिक सोडून बटणाकडे आणि बटणाकडून पुन्हा स्टिककडे अशी येरझार एका तासात शेकडो वेळा करावी लागते. ती टाळण्यासाठी काही जण तर्जनी वाकवून पुढची बटणे दाबतात. पंजा आवळल्यासारखी ती पकड वेगवान असली तरी मनगटाला सोसणारी नव्हे.

या अडचणीवर दोन उपाय आहेत. पहिला, कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन बटणांची कामे आपापसांत बदलणे, म्हणजेच फेरमांडणी. दुसरा, कंट्रोलरच्या पाठीमागे मधल्या बोटांखाली नवी बटणे किंवा पाती बसवणे. त्यांना सर्वत्र पॅडल म्हणतात. हे दोन्ही उपाय पुष्कळदा एकच समजले जातात आणि तेथूनच चुकीच्या खरेदीला सुरुवात होते. फेरमांडणीने बटणांची संख्या वाढत नाही. एका बोटाचे ओझे दुसऱ्या बोटावर जाते आणि त्या दुसऱ्याचे पहिल्यावर येते. पॅडल मात्र आजवर रिकाम्या असलेल्या बोटाला कामाला लावते. पहिला उपाय विनाखर्चाचा आहे, म्हणून तो आधी करून पाहावा.

कोणत्या कन्सोलमध्ये काय मिळते

प्लेस्टेशन ५ मध्ये Settings > Accessibility > Controllers येथे बटणांच्या कामांची अदलाबदल करण्याची सोय आहे. ती चालू करून प्रत्येक बटणापुढे त्याने कोणत्या बटणाचे काम करावे ते निवडायचे असते. दोन्ही स्टिकची अदलाबदलही तेथेच होते. प्लेस्टेशन ४ मध्ये ही सोय २०१५ पासून आहे; तेथे मार्ग Settings > Accessibility > Button Assignments असा आहे.

एक्सबॉक्समध्ये Xbox Accessories नावाचे स्वतंत्र अ‍ॅप आहे. ते उघडून जोडलेला कंट्रोलर निवडला आणि Configure दाबले की नवे प्रोफाइल तयार करता येते. त्यासाठी महागडा कंट्रोलर लागत नाही, कन्सोलसोबत येणारा साधा कंट्रोलरही चालतो. याच कन्सोलमध्ये दोन कंट्रोलर मिळून एकाच खेळाडूचे काम करतील अशीही सोय आहे. ज्याचा एक हात नीट चालत नाही, त्याच्या शेजारी बसून दुसऱ्या कोणाला अवघड बटणे तेवढी दाबता येतात. या सोयीची चर्चा होते त्याहून ती कितीतरी अधिक उपयोगाची आहे.

निन्टेन्डो स्विचमध्ये २०२० च्या एप्रिलमध्ये आलेल्या १०.०.० या आवृत्तीपासून System Settings > Controllers and Sensors > Change Button Mapping हा पर्याय मिळू लागला. जॉय-कॉन आणि प्रो कंट्रोलर या दोहोंना तो लागू पडतो, आणि केलेली मांडणी जतन करून ठेवता येते. त्याच भागातील Test Input Devices ही सोयही लक्षात ठेवावी. कोणते बटण दाबल्यावर कन्सोलला काय कळते ते तेथे पडद्यावर दिसते, त्यामुळे चूक बोटाची आहे, मांडणीची आहे की यंत्राची, हे ओळखता येते.

या सर्व सोयी कन्सोलच्या पातळीवरच्या आहेत, म्हणजे त्या एका खेळापुरत्या राहत नाहीत. खेळाला मागे काही बदलले आहे याची जाणीवच नसते. पडद्यावर ‘○ दाबा’ अशी सूचना आली, तर ती खेळाच्या समजुतीतील गोलाची असते. तुम्ही गोलाचे काम L1 ला दिले असेल तर तुम्हाला L1 च दाबावे लागते. पहिले काही दिवस हे भाषांतर मनात चालू राहते आणि ऐन प्रसंगी चुकते. म्हणून खेळाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बटणे बदलण्याची सोय असेल तर आधी ती वापरावी, कारण तेथे बदल केल्यावर पडद्यावरच्या सूचनाही बहुधा बदलतात. दोन्हीकडे एकाच वेळी बदल करणे मात्र टाळावे. खेळात गोल L1 वर नेला आणि कन्सोलमध्येही L1 ची जागा बदलली, तर शेवटी काय कोठे गेले याचा उलगडा करण्यात अर्धा तास जातो. असा गोंधळ झालाच तर कन्सोलची मांडणी मूळपदावर आणून नव्याने सुरुवात करणे हाच जवळचा मार्ग.

दुसरी मर्यादा ट्रिगरची आहे. L2 आणि R2 ही साधी बटणे नव्हेत. ती किती खोल दाबली आहेत हेही कन्सोलला कळते. मोटारीच्या शर्यतीत अर्धा दाब म्हणजे अर्धा वेग. गोल किंवा चौकोन यांना मात्र ‘दाबले’ आणि ‘सोडले’ या दोनच अवस्था ठाऊक असतात. R2 चे काम चौकोनाला दिले की चौकोन दाबताच वेग पूर्ण, सोडताच शून्य. नेमबाजीच्या खेळात याने फारसे बिघडत नाही, शर्यतीत मात्र गाडी प्रत्येक वळणावर घसरते. पाठीमागच्या पॅडललाही हाच नियम लागू आहे. म्हणून ट्रिगर दाबताना तर्जनी दुखत असेल आणि खेळ शर्यतीचा असेल, तर पॅडलपेक्षा खेळातील वेगाचे काम स्टिकवर नेणे अधिक उपयोगी पडते. स्टिकलाही कमी-अधिक समजते.

एक उदाहरण

प्लेस्टेशन ५ वर ‘एल्डन रिंग’ खेळणाऱ्या आणि उजवा अंगठा दुखणाऱ्या व्यक्तीचे उदाहरण घेऊ. मूळ मांडणीत गोल धरून ठेवला की पात्र धावते आणि टिचकीसारखा दाबून सोडला की कोलांटी मारून वार चुकवते. फुलीने उडी मारता येते. R1 आणि R2 हे हलका व जोरदार वार करतात, L1 ढाल पुढे करते आणि उजवी स्टिक आत दाबली, म्हणजे R3, की नजर एका शत्रूवर खिळते. आता धावता धावता मागे वळून पाहायचे असेल तर अंगठा गोलावर अडकलेला असतो आणि दृष्टी फिरवणारी स्टिक मोकळी पडलेली असते. या खेळात पंजासारखी पकड धरणारे इतके का, याचे उत्तर या एका बटणात आहे.

प्रथम अर्धा तास नेहमीप्रमाणे खेळून अंगठा स्टिक सोडून कोणत्या बटणाकडे वारंवार जातो ते पाहावे. आपल्या उदाहरणात उत्तर गोल हेच येईल, फुली दुसरी. त्रिकोण आणि चौकोन यांच्याकडे अंगठा जातो तो बहुधा निवांत क्षणी, दार उघडताना किंवा एखादी वस्तू वापरताना. त्यांना हलवण्याचे कारण नाही.

साध्या कंट्रोलरवर गोल कोठे न्यायचा? पहिला विचार L3 चा मनात येतो, कारण तेथे केवळ वाकून चालण्याचे काम आहे. पण L3 म्हणजे डावी स्टिक आत दाबणे. धावताना ती दाबून धरायची आणि त्याच वेळी पुढे ढकलायची, म्हणजे उजव्या अंगठ्याचे दुखणे डाव्याला लावून घ्यायचे. R1 वर नेले तर वार करण्याचे काम अंगठ्याकडे येते आणि ते धावण्याहूनही अधिक वेळा करावे लागते. राहिले L1. दोन्ही हातांनी तलवार धरून खेळणारा आणि ढालीपेक्षा कोलांटीवर विसंबणारा खेळाडू असेल, तर गोल आणि L1 यांची अदलाबदल उत्तम जमते. डावी तर्जनी धावण्याचे काम घेते, उजवा अंगठा स्टिकवरच राहतो. ढालीच्या आड राहून खेळणाऱ्याला मात्र हा बदल मानवणार नाही, कारण त्याला ढाल सतत अंगठ्याने धरून ठेवावी लागेल. फेरमांडणीत प्रत्येक सोयीची किंमत दुसऱ्या कोणत्या तरी बोटाला मोजावी लागते ती अशी.

हीच अदलाबदल कन्सोलच्या सेटिंगमधून केली तर आणखी एक परिणाम दिसतो. प्लेस्टेशन ५ च्या सगळ्या याद्यांमध्ये गोल हे मागे जाण्याचे बटण आहे. आता मागे जाण्यासाठी L1 दाबावे लागेल. दुसरा खेळ सुरू केला तरी हीच मांडणी तेथेही लागू राहील. एकच खेळ खेळणाऱ्याला हे चालून जाते. घरात चार जण एकच कन्सोल वापरत असतील तर नाही.

आता त्याच खेळाडूच्या हाती दोन पॅडल असलेला कंट्रोलर दिला तर काय होईल? गोल उजव्या मधल्या बोटाखाली आणि R3 किंवा फुली डाव्या मधल्या बोटाखाली देता येते. मूळ गोल जागेवरच राहतो, म्हणून याद्या, पडद्यावरच्या सूचना आणि घरातील इतरांच्या सवयी यांपैकी काहीही बिघडत नाही. स्टिक आत दाबताना अंगठ्यात कळ येत असेल तर दुसऱ्या पॅडलवर R3 द्यावे, नसेल तर फुली. या खेळात कोलांटी बटण दाबल्यावर होत नाही, सोडल्यावर होते, कारण धरून ठेवणे हे धावण्याचे चिन्ह आहे. म्हणून ज्याचा प्रवास लांब आहे किंवा जे परत वर यायला वेळ लावते असे पॅडल येथे नकोसे वाटते. कोलांटी उशिरा होते आणि दोष आपल्या चपळतेला दिला जातो.

पॅडल कोणते घ्यावे

पाठीवरची बटणे दोन जातींची असतात: ज्यांना कन्सोल ओळखतो ती आणि ज्यांना ओळखत नाही ती. दोन्ही काम करतात, पण मांडणी कोठे बदलायची हे त्यावर ठरते.

पहिल्या जातीत सोनीचा डुअलसेन्स एज हा २०२३ च्या जानेवारीत आलेला कंट्रोलर मोडतो. त्याच्या पाठीवर दोन बटणे बसतात आणि त्यांचे दोन आकार सोबत मिळतात: लांब पाती आणि अर्धगोल. लांब पाती कोठूनही दाबता येते, पण घाईत हात आवळला की चुकून दाबलीही जाते. लहान हाताच्या किंवा पकड घट्ट असलेल्या व्यक्तीने अर्धगोलाने सुरुवात करावी. स्टिकच्या खाली असलेले Fn बटण धरून options दाबले की मांडणीचा पडदा उघडतो. Fn धरून गोल, फुली किंवा चौकोन दाबला की जतन केलेली वेगवेगळी प्रोफाइल लागू होतात आणि त्रिकोणाने मूळ मांडणी परत येते. म्हणजे प्रत्येक खेळासाठी वेगळी व्यवस्था ठेवता येते. हा कंट्रोलर प्लेस्टेशन ४ वर चालत नाही, आणि त्याची बॅटरी साध्या डुअलसेन्सपेक्षा लवकर उतरते.

एक्सबॉक्सच्या एलिट सीरिज २ मध्ये पाठीवर चार पॅडल आहेत. ती चुंबकाने चिकटतात, त्यामुळे नको ती काढून ठेवता येतात. चारही लावून सुरुवात करणे ही नवख्यांची नेहमीची चूक. कंट्रोलर सावरणाऱ्या प्रत्येक बोटाखाली बटण आले की पकडायला जागाच उरत नाही. आधी दोन लावावीत, महिनाभराने गरज वाटली तर तिसरे. याच कंट्रोलरची ‘कोअर’ नावाची स्वस्त आवृत्ती मिळते. तिच्यासोबत पॅडल येत नाहीत, ती वेगळी विकत घ्यावी लागतात. खोक्यावरचे छायाचित्र पाहून घेणाऱ्यांनी एवढे वाचून घ्यावे.

निन्टेन्डोने स्विच २ सोबत २०२५ मध्ये आणलेल्या प्रो कंट्रोलरच्या पाठीवर GL आणि GR अशी दोन बटणे आहेत. खेळ चालू असताना होम बटण दाबून धरले की त्यांना काम नेमून देता येते आणि ही नेमणूक खेळागणिक वेगळी राहते. सोयीच्या दृष्टीने ही पद्धत मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

दुसऱ्या जातीत जुन्या कंट्रोलरला मागाहून जोडलेली बटणे येतात. प्लेस्टेशन ४ च्या डुअलशॉक ४ साठी सोनीनेच २०२० मध्ये एक जोड काढली होती. ती कंट्रोलरच्या खालच्या खाचेत बसते आणि तिच्या इवल्याशा पडद्यावर कोणत्या बटणाचे काम कोठे दिले आहे ते दिसते. ती आजही जुन्या बाजारात मिळते आणि प्लेस्टेशन ५ वाले ती उत्साहाने उचलतात. डुअलसेन्सला तशी खाच नाही, त्यामुळे ती त्याला बसत नाही. आणि डुअलशॉक ४ प्लेस्टेशन ५ ला जोडला तरी त्यावर केवळ प्लेस्टेशन ४ चे खेळ खेळता येतात.

कंट्रोलर उघडून बसवण्याचा संच

साध्या डुअलसेन्ससाठी राहतो तो मागचे कवच बदलण्याचा संच. त्यात बटणे असलेले नवे कवच, एक छोटी पट्टिका आणि लवचीक फीत असते. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. गोलाचे बटण हा एक स्विच आहे. पाठीवरचा स्विच त्याला समांतर जोडला की दोहोंपैकी कोणताही मिटला तरी कन्सोलला गोल दाबल्याचेच कळते. कन्सोलला नवे बटण दिसतच नाही, त्यामुळे त्याच्या सेटिंगमध्ये ते शोधू नये. काही संचांत पाठीवरचे बटण धरून हवे ते मूळ बटण दाबले की नेमणूक होते. ती पट्टिकेच्या स्मरणात राहते. यावरून एक गोष्ट ओघाने येते: कन्सोलमध्ये गोलाची जागा बदलली असेल तर पाठीवरच्या गोलाचीही बदलते.

खरेदीपूर्वी कंट्रोलरच्या आतील बोर्डाची आवृत्ती पाहावी लागते. BDM-010, BDM-020 अशा त्या ओळखल्या जातात आणि एकीचा संच दुसरीला बसेलच असे नाही. कंट्रोलर उघडताना पुढची काळी पट्टी खालून हलकेच उचकटून काढावी, मग L1 आणि R1 ची टोपणे. चार स्क्रू आहेत: दोन मुठींच्या टोकाशी आणि दोन या टोपणांखाली. ते शोधण्याआधीच कवच ओढणारे प्लास्टिकचे आकडे मोडतात. उघडल्यावर पहिले काम बॅटरीची जोडणी काढण्याचे. सोल्डरिंग लागणारा संच असेल आणि हाताला सवय नसेल, तर मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडून ते करून घेणे बरे, कारण जोडणीचे ठिपके फार लहान असतात. कंट्रोलर उघडल्यावर त्याची हमी गेली असे धरून चालावे.

बंद करण्याआधी बॅटरी जोडून तपासून घ्यावे. पात्र आपोआप कोलांट्या मारू लागले तर समांतर जोडलेला स्विच मिटलेला राहिला आहे. सोल्डरचा थेंब शेजारच्या ठिपक्याला टेकला असेल किंवा कवच पॅडलला आतून दाबत असेल. कवच सैल करताच दोष गेला तर दुसरे कारण खरे. L2 किंवा R2 चा अवरोध जाणवेनासा झाला तर बहुधा फीत तिच्या खाचेत पूर्ण बसलेली नाही. पाठीवरचे बटण कधी चालते, कधी नाही, असे झाले तर जोडणी कच्ची आहे आणि ती आपोआप सुधारत नाही.

एक्सबॉक्सबाबत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. २०२३ च्या नोव्हेंबरपासून मायक्रोसॉफ्टने परवाना नसलेली बाह्य उपकरणे रोखायला सुरुवात केली. असे उपकरण जोडले की पडद्यावर 0x82d60002 हा क्रमांक येतो आणि ते बंद पडते. सेटिंगमधून त्यावर उपाय नाही. त्यामुळे इतर कंपनीचा पॅडलवाला कंट्रोलर घेताना खोक्यावर Designed for Xbox ही खूण आहे ना, ते पाहावे.

नवी मांडणी केल्यावर पहिले तीन-चार दिवस खेळ बिघडतो; त्या दिवसांत ती पुन्हा बदलू नये. एका वेळी एकच बटण हलवावे, म्हणजे बरे-वाईट कशामुळे झाले ते कळते. आठवड्यानंतर अंगठा शांत झाला, पण मधल्या बोटाच्या सांध्यात ठणका सुरू झाला, तर पॅडल फार कडक आहे किंवा बोट त्यावर सतत टेकून ताणलेले राहते. अशा वेळी पाती काढून अर्धगोल लावावा, किंवा सतत धरून ठेवायचे काम त्या बोटाकडून काढून टिचकीचे काम द्यावे. आपल्या उदाहरणात धावणे मूळ गोलाकडे परत जाईल आणि पॅडलवर फुलीची उडी येईल. आणि खेळ आठवडाभर बंद ठेवूनही पेला उचलताना किंवा किल्ली फिरवताना अंगठ्याच्या बाजूचे मनगट दुखत असेल, तर तो प्रश्न बटणांच्या मांडणीचा राहिलेला नाही. अस्थिरोगतज्ज्ञाला हात दाखवावा.